दोनशे पाच श्लोक, शंभर शब्द

कार्यक्रमाला पहिल्यांदाच आलेला माणूस खुर्चीत बसतो, हातातले पत्रक उघडतो आणि व्यासपीठावर दिवा लागेपर्यंत त्याच्याकडे दोन-तीन मिनिटे असतात. शेजारच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबातला असेल, नातवाच्या पाठांतरासाठी आलेला असेल, किंवा शाळेत चार श्लोक म्हटल्यावर पुढचे कधी कानावरच न आलेला असेल. त्याला पुढचा पाऊण तास मनाचे श्लोक ऐकायचे आहेत. सगळे, एकूण 205. या दोन-तीन मिनिटांत पत्रकाने त्याला काय सांगावे?

मोठ्या भक्तिकाव्याचा सारांश म्हणजे काव्यातल्या सगळ्या गोष्टी थोड्या-थोड्या सांगणे, असे आपण धरून चालतो. कथाकाव्यात ते निभावतेही. रुक्मिणीस्वयंवर असेल तर पत्र, हरण, लढाई, लग्न असे टप्पे सांगता येतात आणि ऐकणारा त्या टप्प्यांना धरून बसतो. मनाच्या श्लोकांत कथा नाही. कोणी कुठे जात नाही, कोणाचे काही हरवत नाही. पहिल्या श्लोकात गणेशाला आणि शारदेला वंदन होते, रामाच्या वाटेने जायचे ठरते, आणि मग रामदास बोलत राहतात. म्हणून या काव्याचा सारांश लिहिणे अवघड जाते, आणि म्हणूनच अनेक पत्रकांवर त्याच्याबद्दल जे छापलेले असते ते वाचून नवख्याला काहीच कळत नाही.

असा मजकूर साधारण कसा असतो ते पाहा. ‘मनाचे श्लोक ही समर्थ रामदासस्वामींची अजरामर रचना असून त्यात मानवी जीवनाला दिशा देणारा अमूल्य उपदेश आहे. भक्ती, ज्ञान आणि वैराग्य यांचा त्रिवेणी संगम येथे झालेला आहे.’ यातला एकही शब्द खोटा नाही. पण ‘मनाचे श्लोक’ आणि कवीचे नाव काढून तिथे हरिपाठ आणि ज्ञानेश्वर लिहा, किंवा भागवत आणि एकनाथ लिहा. मजकूर जसाच्या तसा उभा राहतो. तो कोणत्याही काव्याला लागतो, म्हणजे या काव्याबद्दल त्याने काही सांगितलेले नाही. सारांश लिहून झाला की नाव झाकून तो वाचावा आणि जाणकाराला विचारावे, हे कोणत्या काव्याबद्दल आहे? त्याला ओळखता आले नाही, तर अजून काम उरले आहे.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे चरित्र. जांब गावातला 1608 सालचा जन्म, लग्नाच्या बोहल्यावरून निघून जाणे, टाकळीची तपश्चर्या, चाफळचे मंदिर, सज्जनगड. एवढे लिहीपर्यंत पत्रकाची जागा संपते आणि काव्याच्या वाट्याला ‘त्यांनी मनाचे श्लोकही रचले’ एवढेच वाक्य येते. ऐकणाऱ्यासमोर आता रामदासांचे चरित्र येणार नाही, त्यांचे शब्द येणार आहेत. शतक सांगितले तरी त्याचे भागते.

मग सुरुवात कुठून करावी? माझे ठाम मत आहे की पहिले वाक्य ‘कोण कोणाशी बोलतो’ हे सांगणारे असावे. भक्तिकाव्यात हा प्रश्न सर्वात आधीचा असतो आणि नवख्याचा गोंधळ नेमका तिथेच होतो. देवाचे काव्य म्हटल्यावर तो गृहीत धरतो की कवी देवाला आळवत असणार. रामदासांच्याच करुणाष्टकांत तसे आहे; तिथे भक्त रामापुढे आपली व्यथा मांडतो. मनाच्या श्लोकांत ते रामाशी बोलतच नाहीत. ते मनाशी बोलतात, रामाबद्दल बोलतात. आधी त्या मनाला भल्या माणसाला हाक मारावी तशी हाक मारतात, मग समजावतात, अधूनमधून चांगले खडसावतात, घाबरलेले दिसले तर धीर देतात. हे एकदा सांगितले की समोरचा माणूस ‘मना’ ही हाक कानावर पडताच सावरून बसतो. ती हाक त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येणार आहे. ती दुसऱ्या कोणाला नाही, आपल्यालाही आहे, हे त्याला आधीच ठाऊक असायला हवे.

पुढचे काम पेन्सिल घेऊन करायचे आहे. सारांश लिहिणाऱ्याने सगळे काव्य एका बैठकीत मोठ्याने वाचावे. अर्थाची पुस्तके त्या वेळी बाजूला ठेवावीत. मोठ्याने वाचताना बोलण्याचा रोख जिथे बदलतो, तिथे समासात रेघ मारावी. डोळ्यांनी वाचताना हे बदल निसटतात, कारण वृत्त आरंभापासून अखेरपर्यंत एकच आहे: भुजंगप्रयात. ओळीला बारा अक्षरे, लघु-गुरु-गुरु असा तीन अक्षरांचा ठेका चार वेळा. ओळी चार, म्हणजे श्लोकाला अठ्ठेचाळीस अक्षरे. एवढ्या एकसारख्या चालीत आशय कुठे वळला हे जिभेला आणि कानालाच लवकर कळते.

या रेघा कुठे पडतात ते पाहण्यासारखे आहे. आरंभीचे श्लोक सरळ सूचनांचे आहेत: पहाटे उठून काय करावे, कोणती वासना सोडावी, कोणते बोलणे सोसावे, उगाळल्या जाणाऱ्या चंदनाचा दाखला देऊन दुसऱ्यासाठी कसे झिजावे. लगेच त्यांच्यामागे मरणाचे श्लोक येतात. एक जातो, दुसरा त्याच्यासाठी रडतो, आणि रडणाराही तसाच अचानक जातो. इथे बोलण्याचा सूर पडलेला असतो. मग अठ्ठाविसाव्या श्लोकाच्या सुमारास एकदम उभारी येते. सलग दहाएक श्लोक एकाच ओळीवर येऊन थांबतात, आणि त्या ओळीचा अर्थ असा की आपल्या सेवकाचा अभिमान बाळगणारा राम त्याला कधी वाऱ्यावर सोडत नाही. अहल्येची आठवण याच भागात येते. मरणाच्या श्लोकांनी भेदरलेल्या मनाला हा धीर आहे. हे दोन भाग एकमेकांना लागूनच वाचायला हवेत, आणि सारांशातही त्यांना शेजारी-शेजारीच जागा द्यायला हवी.

सत्तेचाळिसाव्या श्लोकापासून पुन्हा दहा श्लोकांचा गट आहे. त्यात आज्ञा थांबतात आणि खऱ्या सेवकाचे वर्णन सुरू होते: तो कसा बोलतो, कसा वागतो, कशाने भुलत नाही. पुढे सकाळी रामाचे चिंतन करायला सांगणारा गट आहे, त्यानंतर नामाचे श्लोक आहेत. शंभराच्या पुढे वादविवाद सोडण्याचा भाग येतो आणि मग दशावतारांसह ध्रुव, गजेंद्र, अजामिळ, उपमन्यू अशा भक्तांची मालिका. इथपर्यंतचा राम धनुष्य धरलेला आहे, रूप असलेला आहे, हाकेला धावून येणारा आहे.

खरी मोठी रेघ एकशे सदतिसाव्या श्लोकाजवळ पडते. इथून मनाला ‘हे कर, हे करू नको’ असे सांगण्यापेक्षा ‘हे पाहा’ असे सांगणे वाढते. रामदास सांगतात की तुझ्या मालकीची एक जुनी ठेव तुझ्यापाशीच आहे. मीपणामुळे तुला ती सापडत नाही. यापुढचे श्लोक डोळ्यांना न दिसणाऱ्या, शब्दांत न मावणाऱ्या तत्त्वाकडे वळतात. गुरू कसा असावा हे सांगताना तो कसा नसावा हेही ते स्पष्ट सांगतात: चेटूक करणारा, लोकांच्या पैशावर डोळा ठेवणारा, मत्सरी माणूस गुरू नव्हे. शेवटाकडे येईपर्यंत राम सगळीकडे भरून राहिलेला आहे आणि पाहणाऱ्याहून वेगळा उरलेला नाही.

पत्रकाचा सगळा पेच या वळणापाशी आहे. ते गाळले तर मनाचे श्लोक म्हणजे चांगल्या वागणुकीचे धडे, एवढेच नवख्याच्या हाती पडते. शाळेत आरंभीचेच श्लोक पाठ करून घेत असल्यामुळे अनेक मराठी माणसांचाही हाच समज असतो. आणि ते वळण सांगायला गेले की लेखणीतून ‘सगुणाकडून निर्गुणाकडे’, ‘ब्रह्मस्वरूप’, ‘देहबुद्धीचा निरास’ असे शब्द उतरू लागतात. ते शब्द बरोबर आहेत. ज्याला त्यांचे अर्थ माहीत आहेत, त्याला मात्र पत्रकाची गरज नाही.

अशा वेळी उत्तर काव्यातच शोधावे. कवीलाही हीच गोष्ट साध्या माणसाला सांगायची होती. त्याने ती कशी सांगितली? जुन्या ठेवीच्या दाखल्याने. घरात पुरलेले, विसरलेले धन कोणालाही समजते. म्हणून पारिभाषिक शब्दाऐवजी तोच दाखला घ्यावा आणि त्याच्या मागोमाग एका छोट्या वाक्यात ती ठेव कोणती हे सांगावे. आपण आपल्या पदरचा नवा दाखला बनवला तर तो ऐकणाऱ्याला पुढच्या पाऊण तासात कुठे भेटणार नाही. कवीचा दाखला भेटेल, आणि त्या क्षणी पत्रकातले वाक्य व्यासपीठावरच्या श्लोकाला जाऊन जुळेल.

आणखी एक गोष्ट रामदासांनी आपल्यासाठी करून ठेवली आहे. शेवटच्या श्लोकात ते स्वतःच या काव्याने काय होते ते सांगतात: ऐकणाऱ्याचे दोष जातात, मंद बुद्धीचाही साधनेला योग्य होतो, ज्ञान आणि वैराग्याचे बळ येते, आणि विश्वास ठेवणारा मुक्तीचा अनुभव घेतो. पहिल्या श्लोकात वाट, शेवटच्यात फळ. आपला सारांश या दोन टोकांच्या मधे बसतो का, हे तपासता येते. आरंभीच्या वाटेचे आणि अखेरच्या अनुभवाचे दोन्ही दुवे त्यात असतील तर तो काव्याशी इमान राखतो. फळ मात्र पत्रकात स्वतःच्या नावावर छापू नये. ‘हे ऐकल्याने तुमचे दोष जातील’ असे आयोजकांनी नवख्याला सांगणे आणि कवीने काव्यात सांगणे, यात फार अंतर आहे.

तीच गोष्ट जन्मकथेची. चाफळच्या रामनवमीच्या उत्सवासाठी शिष्य भिक्षेला निघाले, त्यांना दारोदार म्हणता यावेत म्हणून समर्थांनी हे श्लोक सांगितले आणि कल्याणस्वामींनी उतरवून घेतले, अशी कथा परंपरेत सांगितली जाते. ती सुंदर आहे आणि या श्लोकांची चालती लय ऐकली की पटतेही. पत्रकात ती द्यायची तर ‘परंपरेत अशी कथा आहे’ हे चार शब्द गाळू नयेत. जागा कमी पडते म्हणून सर्वात आधी कात्री लागते ती या चार शब्दांनाच, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी तोच मजकूर इतिहास म्हणून उचलतो.

आता प्रत्यक्ष मजकूर. मी तो असा लिहीन:

‘मनाचे श्लोक हे समर्थ रामदासांचे, सतराव्या शतकातले 205 श्लोकांचे काव्य आहे. यात रामदास देवाशी नव्हे, तर मनाशी बोलतात; ते मन आपले प्रत्येकाचे आहे. आधी ते मनाला वागायचे कसे ते सांगतात: खरे सोडू नकोस, दुसऱ्यासाठी झीज, मरण विसरू नकोस. मरणाला भिणाऱ्या मनाला ते धीर देतात, की राम आपल्या माणसाला टाकत नाही, आणि सकाळपासून त्याचे नाव घ्यायला सांगतात. नंतर बोलणे आत वळते. आपल्या मालकीची एक जुनी ठेव आपल्यापाशीच आहे. मीपणामुळे ती दिसत नाही. ती ठेव म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, सगळीकडे असलेला राम. काही ठिकाणी सलग अनेक श्लोकांची शेवटची ओळ एकच असेल. ती तुम्हीही म्हणू शकता. पठणाला सुमारे पन्नास मिनिटे लागतील.’

शंभरच्या जवळपास शब्द आहेत. चौकोनी घडीच्या पत्रकाच्या एका पानावर, मोठ्या टाइपात, आजोबांनाही चष्म्याशिवाय दिसेल असे ते मावतात.

यातली शेवटची तीन वाक्ये काव्याच्या सारांशात मोडत नाहीत असे कोणी म्हणेल. मला ती हवीतच असे वाटते. एकच ओळ सलग आठ-दहा वेळा ऐकू आली की नवख्याला वाटते म्हणणारे चुकले, किंवा आपलेच लक्ष नव्हते. आधी सांगितले की तिसऱ्या-चौथ्या वेळी तो ओठ हलवू लागतो. श्लोक भिक्षेला जाताना म्हणण्यासाठी आहेत असे परंपरा मानते. धृपदासारख्या या ओळी मागून साथ देता यावी अशाच आहेत. वेळेचे गणित सोपे आहे. संथ पठणात एका श्लोकाला बारा ते पंधरा सेकंद लागतात, म्हणजे 205 श्लोकांना एक्केचाळीस ते एक्कावन्न मिनिटे. प्रत्येक श्लोकानंतर ‘जय जय रघुवीर समर्थ’ हा घोष करणार असाल तर आणखी दहा मिनिटे धरा आणि छापलेला आकडा बदला. लहान मूल सोबत आणलेल्या आईसाठी त्या पानावरची ही सर्वात उपयोगी माहिती असते.

काय गाळले आहे तेही पाहू. ध्रुव, गजेंद्र, अजामिळ, उपमन्यू ही सगळी नावे गेली. ती नावे माहीत असलेल्याला ती श्लोकात आपोआप भेटतील. माहीत नसलेल्याला चार अनोळखी नावांच्या ओळीने पत्रकात फक्त दडपण येईल. गुरूविषयीचे श्लोक गेले, याचे मला वाईट वाटते. ढोंगी गुरूला ओळखण्याची इतकी सरळ भाषा नव्या माणसाला आवडली असती. पण काव्याच्या मुख्य वाटेवर तो एक टप्पा आहे, वळण नाही. शंभर शब्दांत वळणांनाच जागा आहे. वृत्ताचे नावही नाही. ज्याला भुजंगप्रयात माहीत आहे तो पहिल्याच ओळीला ओळखतो, आणि माहीत नसलेल्याचे नावावाचून अडत नाही.

‘राम’ हा शब्द दोनदा आला आहे, दोन अर्थांनी, आणि ते जाणूनबुजून आहे. पहिल्यांदा तो आपल्या माणसाला न टाकणारा स्वामी आहे, दुसऱ्यांदा सगळीकडे असलेला. काव्यातला प्रवासही हाच आहे. दोन्ही ठिकाणी वेगवेगळे शब्द वापरले असते, एकदा राम आणि एकदा परमात्मा, तर वाचणाऱ्याला वाटले असते की मधेच विषय बदलला. रामदासांनी विषय बदललेला नाही. त्यांनी मनाला रामाच्या एका ओळखीपासून दुसरीपर्यंत चालवत नेले आहे, आणि एकच नाव दोनदा आल्याने तो धागा शंभर शब्दांतही तुटत नाही.

छापायला देण्याआधी हा मजकूर दोन वेगळ्या माणसांना द्यावा. एक असा की ज्याला सगळे 205 श्लोक येतात. त्याला विचारावे, यात चुकीचे काय आहे? ‘काय राहिले’ असे मात्र त्याला विचारू नये, कारण तो दहा गोष्टी सांगेल आणि त्या सगळ्या खऱ्या असतील. दुसरा असा की ज्याने हे काव्य कधी ऐकलेले नाही. त्याला एकदा वाचू द्यावे, पत्रक परत घ्यावे आणि विचारावे, कोण कोणाशी बोलणार आहे आणि शेवटी काय सांगणार आहे? त्याला ‘रामदास मनाशी बोलणार, आणि शेवटी काहीतरी ठेव आपल्याजवळच आहे असे सांगणार’ एवढे आठवले, तर मजकूर तयार आहे. त्याने ‘चांगले वागायला सांगितले आहे’ एवढेच सांगितले, तर वळणाचे वाक्य कमी पडले आहे. तेच पुन्हा लिहावे, बाकीच्याला हात लावू नये.

पुष्कळ ठिकाणी पूर्ण पठण होत नाही. वेळ वीस मिनिटांचा असतो, मुले पहिले पन्नास-साठ श्लोक म्हणतात आणि आरती होते. अशा कार्यक्रमाला वरचा मजकूर जसाच्या तसा वापरू नये. पहिल्या साठांत जुनी ठेव येतच नाही. नवखा ती शोधत बसेल. तिथे वागण्याचे आणि धीराचे भाग ठेवावेत, सत्तेचाळिसाव्या श्लोकापासून येणाऱ्या सेवकाच्या वर्णनाला एक वाक्य द्यावे, आणि वळणाच्या जागी एवढेच लिहावे: ‘आज 205 पैकी पहिले 60 श्लोक म्हटले जातील, पुढच्या श्लोकांत हेच बोलणे मनाला अदृश्य, सर्वत्र असलेल्या रामाकडे नेते.’ म्हणजे जे म्हटले जाणार नाही तेही आहे, हे त्याला कळते, आणि उरलेले कधी ऐकायला मिळतील हे विचारायला तो कार्यक्रमानंतर पुढे येऊ शकतो.